सांगलीवाल्यांचा सत्कार

फ्लेक्सवरचा फोटो खऱ्या माणसापेक्षा मोठा होता, आणि खरा माणूस त्याच फ्लेक्सखाली खुर्चीवर अंग चोरून बसला होता. त्याच्या डोक्याला फेटा बांधला होता आणि तो सारखा कानावर येत होता. कोरेगावजवळच्या आमच्या गावात, आमच्याच दूध संकलन केंद्रासमोर मांडव घातला होता. दिवाळीच्या तोंडावर दूध घालणाऱ्यांना बोनस वाटायचा असतो. त्याच कार्यक्रमात भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, हा सत्कार घुसवला होता.

मीही स्टेजवर होते. बसा म्हणाले म्हणून बसले होते. त्या दिवसांत मला कुणी उभं राहा म्हटलं की मी उभी राहत होते, जेव म्हटलं की जेवत होते. माझे यजमान जाऊन तीन महिने होत आले होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. वाटत नव्हतं याचंही काही वाटत नव्हतं. शाल-श्रीफळाचं ताट पुढं आलं तेव्हा भावजी म्हणाले, ताटाला नुसता हात लावा. मी हात लावला. ताट पुढं गेलं, टाळ्या झाल्या, आणि मला आठवतं ते एवढंच, की ताट गार होतं.

ज्यांचा सत्कार झाला ते सांगलीचे. दूध गार करायच्या टाक्या, म्हणजे बल्क कूलर, दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. आमच्या घरात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे सांगलीवाले म्हणत. घरातली दुसरी कुठली व्यक्ती सांगलीची नव्हती त्यामुळे घोटाळा व्हायचा प्रश्न नव्हता. आमचा कूलर मोठ्या डेअरीचा, जागा आणि राबणूक आमची. दूध घेऊन ठेवायचं, ते चार डिग्रीवर गार राखायचं, संध्याकाळी डेअरीचा टँकर येऊन घेऊन जातो. गार राहिलं तर दूध, नाही राहिलं तर नासकवणी. डेअरीचं म्हणणं सरळ होतं, की तुमच्याकडं दूध चांगलं राहतंय तोवर कूलर तुमच्याकडं. शेजारच्या गावातला एकजण तो कूलर आपल्या शेडात कधी येतो याची वाटच बघत होता. त्यामुळे मशीन बंद पडलं की सांगलीवाले किती वेळात येतात, यावर आमच्या घराची चूल अवलंबून होती. हे उघड कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं.

ह्यांना हार्टचा त्रास होता आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून अंगावर काढला होता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या दवाखान्यात ते गेले. मी तिथंच होते. घरी कळवलं आणि इकडं माणसं जमायला लागली. सकाळचं दूध तोवर टाकीत पडलं होतं. दूध घालणारे बिचारे घालून गेले, म्हशीला कुणाच्या मरणाचं काय कळतं. मग शेडात कुणीच उरलं नाही. सगळे आमच्या दारात.

पुढचं मला नंतर समजलं. ह्यांच्या फोनवर सांगलीवाल्यांचा फोन आला होता. आज पलूसकडं काम आहे, ते उरकून संध्याकाळी तुमच्याकडं डोकावतो, एवढंच सांगायला. फोन भावजींनी उचलला आणि काय झालं ते सांगितलं. तिकडून त्यांनी विचारलं, कूलर कोण बघतंय? कुणीच बघत नव्हतं. भावजींनी शेडात जाऊन बघितलं तर कॉम्प्रेसर जळाला होता आणि काट्यावर बारा डिग्री दिसत होते. आदल्या संध्याकाळचं गार दूध खाली होतं म्हणून तेवढ्यावर तरी थांबलं होतं.

सांगलीवाल्यांच्या टेम्पोत एक जादाचं युनिट होतं. कॉम्प्रेसर, पंखा, जाळी, सगळं एका चौकटीत बसवलेलं. एखाद्याचं मशीन पुरतं गेलं तर तात्पुरतं जोडायला म्हणून ते त्यांनी स्वतः बांधलेलं, आणि ते एकच होतं. टेम्पो तसाच आमच्याकडं आला. मी ह्यांना घेऊन घरी पोहोचले तेव्हा दारात माणसांची दाटी होती आणि शेडातून मशीनचा घरघराट येत होता. रडारडीत तो आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. आम्ही स्मशानातून परत आलो तोवर टँकर येऊन दूध घेऊन गेला होता. टँकरवाल्यानं नेहमीप्रमाणे नळीत थोडं दूध उकळून बघितलं, फाटलं नाही. सांगलीवाले अंत्यविधीला होते की नव्हते ते मी बघितलं नाही. जेवले नाहीत एवढं जाऊबाईंनी सांगितलं. ते जैन, दिवस मावळल्यावर काही खात नाहीत, आणि त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटायचा प्रश्नच नव्हता.

तर अशा माणसाचे आभार मानायला नकोत का? मानायला हवेतच, असं भावजींचं म्हणणं. भावजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. फौजेत म्हणे शाबासकी सगळ्यांसमोर देतात आणि ओरडायचं ते एकट्याला बाजूला घेऊन. दुसरं असं, की एकदा चारचौघांत मान दिला की माणूस बांधला जातो. पुढच्या वेळी फोन गेला की टाळणार नाही. मला ते पटलं की नाही पटलं हे आता सांगता येत नाही. मी मान हलवली. तेव्हा मान हलवणं हेच माझं काम होतं.

फ्लेक्सचा मजकूर भावजींनी स्वतः लिहिला आणि मला वाचून दाखवला. 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी पलूसकडे निघालेली गाडी माघारी वळवून, सर्व कामे बाजूला सारून, अवघ्या दोन तासांत आमच्या केंद्राचे दूध वाचवणारे, हाकेला धावून येणारे, शब्दाचे पक्के' असं बरंच पुढं होतं. त्यात ह्यांच्याविषयी एक ओळ पहिल्यांदा होती. चुलतसासऱ्यांनी ती काढायला लावली. ते म्हणाले, दिवाळीचा कार्यक्रम आहे, माणसाला शाल घालताय, शुभकार्याच्या फलकावर मयताचा शब्द नको. आमच्याकडं हे असंच असतं आणि त्याला कुणी नाही म्हणत नाही. ओळ गेली. मी तेव्हाही मान हलवली. फ्लेक्स वाचणाऱ्याला वाटावं, आमचं मशीन बिघडलं, आम्ही वट लावला आणि दुसऱ्याची गाडी फिरवून घेतली.

सत्कार झाला, फोटो झाले. भावजींनी ते फोटो दूधवाल्यांच्या ग्रुपवर, माजी सैनिकांच्या ग्रुपवर आणि आणखी कुठल्या कुठल्या ग्रुपवर टाकले. सांगलीवाले शाल घडी करून पिशवीत घालून गेले. जाताना नमस्कार केला. जेवायला थांबले नाहीत, दिवस अजून बराच वर होता तरी.

त्यानंतर त्यांनी मला मॅडम म्हणायला सुरुवात केली.

आधी वैनी म्हणायचे. पहिल्यांदा मॅडम ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता धंदा मी बघते म्हणून मान देत असतील. माणसाला मान मिळाला की तो तपासून घ्यायची बुद्धी होत नाही. ठरलेल्या तारखांना ते यायचे, काम चोख करायचे, सही घ्यायचे, निघून जायचे. त्यांचं जादाचं युनिट त्यांनी काढून नेलं आणि आमचा कॉम्प्रेसर नवा बसवून दिला. कशात खोट काढायला जागा नव्हती.

फाल्गुनात एका सकाळी कूलरच्या पंख्याची मोटार गेली. ऊन चढायला लागलेलं, टाकी गळ्यापर्यंत भरलेली. मी फोन केला. ते शांतपणे म्हणाले, मॅडम, तुमच्या आधी तिघं आहेत, नंबरानं येतो. मी म्हटलं, दूध जाईल. ते म्हणाले, त्यांचंही जाईल, मॅडम. दुसऱ्या दिवशी ते आले, आणि करारात तसंच लिहिलेलं होतं, चोवीस तासांत येणार. आदल्या संध्याकाळी टँकरवाल्यानं नळीत दूध उकळलं, फाटलं, आणि तो आमच्या टाकीला हात न लावता निघून गेला. ते दूध आम्ही उसाच्या पाटात सोडलं. भावजी शिव्या देत होते. मी पाटाच्या कडेला उभी राहून पांढरं पाणी वाहताना बघत होते आणि दुपारी कपडे वाळत घालायचे राहिलेत एवढंच डोक्यात होतं.

डेअरीचे साहेब आले. चहा प्यायले, ह्यांची आठवण काढली, आणि म्हणाले की उन्हाळ्यात पुन्हा असं झालं तर कूलरची जागा बदलावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका, वरून विचारणा होते. मी म्हटलं, नाही वाटत. ते खरंच होतं. पण मुलीची फी, सासूबाईंची औषधं आणि भावजींच्या पेन्शनीला मर्यादा, हे गणित मला त्या बधिरपणातही सुटत होतं. आणि उन्हाळ्यात मशीन बंद पडणार हे पोरासोरांनाही माहीत होतं.

भावजी म्हणाले, सत्कार कमी पडला. आता पत्र देऊ. त्यांनी केंद्राच्या लेटरहेडवर पत्र टाइप करून आणलं. आपण दिलेल्या अमूल्य सेवेबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत, आपल्या कार्यतत्परतेमुळेच वगैरे, आणि शेवटी, यापुढेही आमच्या केंद्रास सर्वप्रथम प्राधान्य मिळेल अशी खात्री वाटते. एक प्रत डेअरीला, एक प्रत माहितीस्तव आणखी कुणाला. आभार दोन ओळींचे आणि मागणी चार ओळींची, त्यावर गोल शिक्का. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला आधी मामा म्हणायचं आणि मग पुढच्या ताटातली जिलेबी मागायची, तसलं ते पत्र. पण दुसरं काही मला सुचत नव्हतं. मी ते पर्समध्ये घातलं आणि एसटीनं सांगलीला गेले.

त्यांचं वर्कशॉप मी पहिल्यांदाच बघत होते. उघडे पडलेले कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, भिंतीला गॅसच्या टाक्या. त्यांनी स्टूल पुसून दिलं, शेजारून उसाचा रस आणवला. मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा घडीवर घडी घातली आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे कुटं पाठवू नका," ते म्हणाले.

मी विचारलं, आमचं काही चुकलं का? ते बराच वेळ कापसाच्या बोळ्यानं हात पुसत बसले, हात स्वच्छ होते तरी. मग हळूहळू सांगायला लागले. त्या दिवशी पलूस भागातल्या एका दूध संस्थेनं त्यांना सकाळीच बोलावलं होतं. युनिट टेम्पोत चढवलं होतं ते त्यांच्यासाठी. वाटेत आमच्याकडची बातमी कळली आणि त्यांनी टेम्पो तसाच पुढं काढला. त्या संस्थेला सांगितलं, गाडी बंद पडली. त्यांचं त्या दिवसाचं दूध नासलं. त्यांनी चिडचिड केली, पण गाडी बंद पडते, माणूस काय करणार, म्हणून विषय संपला होता. दिवाळीत तो फ्लेक्स ग्रुपवरून फिरत फिरत तिथल्या चेअरमनच्या फोनवर गेला. वार ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, ज्याचं दूध सांडतं त्याला वार पाठ असतो. त्यांनी देखभालीचं काम काढून घेतलं. एकाचं बघून शेजारच्या आणखी दोघांनी काढलं. आणि उरलेले सगळे आता फोन केला की म्हणत, कोरेगावला दोन तासात जाता, आमच्याकडं का न्हाई?

मी म्हटलं, मग तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं? मयत होतं म्हणून.

"काय सांगू, वैनी? दादांच्या मयताचा आडोसा करून माझं काम टिकवू?"

कित्येक महिन्यांनी वैनी शब्द ऐकला. त्याचं मला काही वाटायला हवं होतं.

मी विचारलं, ह्यांनी तुमचे आभार कसे मानले असते? म्हणजे मला खरंच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत किती वेळा मशीन बंद पडलं आणि किती वेळा हा माणूस सगळ्यांच्या आधी आमच्याकडं आला, पण ह्यांच्या तोंडून त्यांना आभारी आहे असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. उलट ह्यांचं बोलणं मला कधी कधी खटकायचं. लग्नकार्यात, बाजारात कुणी विचारलं, की तुमचा तो सांगलीचा माणूस कसा आहे, तर हे तोंड वाकडं करून म्हणायचे, काम बरं करतो, पण येत नाही लवकर, दोन दोन दिवस लावतो. मला वाटायचं, माणूस उन्हातान्हात धावत येतो आणि हे त्याची अशी नालस्ती करतात.

सांगलीवाले हसले. पहिल्यांदाच हसले.

"ते आमचं ठरलं हुतं," ते म्हणाले. "मी लवकर येतो हे कुनाला कळलं की मला दुसऱ्यांकडं तोंड दावाय जागा राहत न्हाई. एकाला पुढं घेतलं म्हंजी कुनाला तरी मागं ढकललं. दादांना हे न सांगता कळलं हुतं. मला म्हनाले, तुझी मी गावभर बदनामी करतो, तू फकस्त येत जा."

आणि ते बोलतच राहिले. पावसाळ्यात त्यांना काम नसतं, म्हणून हे मुद्दाम पावसाळ्यात सर्व्हिसिंगला बोलवायचे, उन्हाळ्याच्या घाईत नाही. फोन करून पहिल्यांदा विचारायचे, आता कुणाच्या कामावर आहात, आणि दुसऱ्याचं दूध अडकलेलं असलं तर म्हणायचे, तिथलं उरका, मी बर्फ टाकून कॅन कसेतरी सांभाळतो. ते पोहोचायच्या आत जाळीवरची धूळ झाडून ठेवलेली असायची. आणि दिवस मावळायच्या आत ताट. कांदा, लसूण, बटाटा नसलेलं. ते ताट मीच करत होते. हे शेडातून आत येऊन फक्त म्हणायचे, आज लवकर वाढ, आणि मी कुरकुरत आमटी वेगळी काढायचे. इतकी वर्षं मी ह्यांचे आभार शिजवत होते आणि मला वाटत होतं स्वयंपाक करतेय.

मी उठले. त्यांनी विचारलं, आता परत कोरेगाव का? मी म्हटलं, नाही, पलूसला. ते घाईघाईनं म्हणाले, नको, त्याची गरज न्हाई, ते मानूस तिखट हाय. मी म्हटलं, बघते. मला धाडस आलं होतं असं समजू नका. बधिर माणसाला धाडस लागत नाही. शिवाय माझा स्वार्थ होताच. मला ह्या माणसाचं मन परत हवं होतं, कारण उन्हाळा आला होता.

संस्थेचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला फॅट तपासायचं मशीन, टेबलावर काचेचे नमुने, कोपऱ्यात रिकामे कॅन. आतल्या बाजूला त्यांचा कूलर चालू होता. चेअरमन साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, कपाळावर आठी कायमची. मी कुठून आले ते सांगितलं आणि ती आठी आणखी खोल गेली. त्यांनी बसा म्हटलं, पण पाणी मागवलं नाही.

त्यांनी बोलायला सुरुवात केली ती मी थांबवली नाही. ते म्हणाले, गावातल्या विधवा बायका एकेक म्हैस सांभाळून दूध घालतात, त्यांचं दूध ओतून द्यावं लागलं, त्यांना मी काय सांगितलं असेल. आणि गाडी बंद पडली म्हणून थाप मारणारा माणूस तुमच्याकडं फेटा बांधून शाली घेतो. मोठ्या डेअरीशी वट असेल तुमचा, आमची संस्था लहान आहे. मशीन बिघडलं तर पहिला फोन कुणाचा, यालाच काही किंमत राहिली नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे, फक्त आमच्या फ्लेक्सवर एक ओळ राहिली होती.

"कसली वळ?" त्यांनी विचारलं. "असं काय झालं हुतं त्या दिवशी तुमच्याकडं?"

आणि मला उत्तर देता येईना. म्हणजे उत्तर साधं होतं. पण ते मी तोपर्यंत कुणालाच दिलेलं नव्हतं, हे मला तिथं कळलं. साताऱ्यात डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, घरी फोन भाच्यानं केला होता, गावाला गावानं सांगितलं होतं. दहाव्याला, तेराव्याला येणारे सगळे ठाऊक असून येत होते. बँकेत, तलाठ्याकडं, डेअरीत भावजी पुढं व्हायचे आणि मी मागं सहीला. माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडायची वेळच आली नव्हती.

"माझे मालक वारले त्या दिवशी," मी म्हटलं.

मी पुढं सांगत गेले. सकाळी दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला. दूध टाकीत होतं आणि शेडात कुणी नव्हतं. आम्ही बोलावलं नव्हतं त्यांना, हाक मारली नव्हती, फ्लेक्सवर लिहिलंय ते खोटं आहे. त्यांना फोनवर कळलं आणि ते आपणहून आले. तुमच्याशी खोटं बोलले ते चुकलंच, पण मयताचं कारण पुढं करायची त्यांना लाज वाटली. मांडवात अशुभ नको म्हणून आम्ही ती ओळ काढली, आणि त्यांनीही ती कुणाला सांगितली नाही, काम गेलं तरी.

चेअरमननी काचेचा एक नमुना उचलला, पुन्हा जागेवर ठेवला. मग म्हणाले, "एवढं आमाला सांगितलं असतं, तर आमीच म्हनलं असतं की तिकडं जा. दूध काय, उद्या परत निगतं."

त्यांनी पाणी मागवलं. मग चहा. माझ्यासमोरच सांगलीवाल्यांना फोन लावला आणि एवढंच म्हणाले, उद्या येऊन आमचं मशीन बघून जा, आणि हितून पुढं दोघांचं एकदम बंद पडलं तर आधी कुठं जायचं ते मला इचारत जा, थापा मारू नको. तिकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ते माझ्याकडं वळले.

"वय काय हुतं?" त्यांनी विचारलं.

मी वय सांगितलं. मग त्यांनी आजार कसला होता ते विचारलं, ते सांगितलं. मुलं किती, विचारलं. शेवटी काही बोलले का, विचारलं. मी म्हटलं, बोलले, सकाळचं दूध कोण घेतंय म्हणाले. आणि ते म्हणताना मला रडू आलं. एकदम आलं, पदर तोंडात धरायलाही वेळ मिळाला नाही. साताऱ्यात आलं नाही, स्मशानात आलं नाही, माहेरच्या माणसांनी गळ्यात पडून रडवायचा प्रयत्न केला तेव्हाही आलं नाही. परक्या गावात, परक्या माणसापुढं, फॅटच्या मशीनशेजारी बसून मी हमसून हमसून रडले. मी गेले होते ती माझ्या कूलरचा नंबर राखायला.

संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. बायका कॅन घेऊन दारात आल्या आणि मला बघून तिथंच थांबल्या. चेअरमन उठून दारात गेले आणि त्यांना म्हणाले, जरा थांबा, आत पाहुण्या आहेत.